घोळ मागे होता, पाय पुढे अडकला: जेनिफर लॉरेन्सच्या डिऑर गाऊनबद्दल

टाकेदोरे

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी 'एक गाऊन, एक पान' असं छोटं सदर लिहितेय. रेड कार्पेटवरचा एकच पोशाख घ्यायचा आणि तो गळा, मागचा घोळ, कापड आणि शिवण या चार अंगांनी सांगायचा. 'ती परीसारखी दिसत होती' छापाचं काही लिहायचं नाही, अशी संपादकांची अट आहे. अट मला आवडली, पण लिहायला बसल्यावर घाम फुटला.

पहिल्या पानासाठी २४ फेब्रुवारी २०१३चा ऑस्कर सोहळा घेतलाय. जेनिफर लॉरेन्सचा डिऑरचा गाऊन. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून नाव पुकारलं गेलं, २२ वर्षांची ही मुलगी उठली आणि डॉल्बी थिएटरच्या पायऱ्यांवर पडली. तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेलच.

मसुदा असा आहे:

"पांढऱ्याकडे झुकणाऱ्या फिक्या गुलाबी रंगाचा हा गाऊन राफ सिमन्स डिऑरचा डिझायनर असतानाचा, त्यांच्या ओत कुत्यूर म्हणजे हातानं, मापानुसार शिवलेल्या कपड्यांमधला. गळा बिनपट्ट्यांचा, वरची कड मध्ये किंचित खोलगट. अंगाला घट्ट बसलेली चोळी कंबरेवर न थांबता थेट नितंबांच्या खालपर्यंत उतरते आणि तिथून घेर एकदम फुलतो. पाठ उघडी असल्यामुळे हार पुढे न घालता पाठीवर सोडलेला. चोळी छातीवर घट्ट आवळून बसवलेली असल्यामुळे खांद्यावर पट्टी नसतानाही गाऊन जागचा हलत नाही. मागे जमिनीवर लोळणारा लांब पदर. याच पदरात पाय अडकून ती पडली."

प्रश्न तीन. 'ट्रेन'ला 'पदर' म्हटलेलं चालेल का? कापड कोणतं लिहू? आणि शिवणीबद्दलचं वाक्य बरोबर आहे का? मला ब्लाऊजच्या पुढचं शिवण येत नाही, हे आधीच कबूल करते.

खडूस_काका

शीर्षकात ट्रेन नाही हे बरं केलंत. मी आत्ता विरार फास्टमध्ये उभा आहे, 'ट्रेनमध्ये पाय अडकला' वाचलं असतं तर धागा उघडलाच नसता. (दिवे घ्या.)

पदर नका म्हणू. पदर खांद्यावरून येतो, तो डोक्यावर घेता येतो, त्यानं तोंड पुसता येतं. हिनं त्यानं काय पुसलं?

मृणाल_प

'घोळ' मस्त शब्द आहे, तुम्हीच वर वापरलाय की! नऊवारीचा किंवा झग्याचा जमिनीवर लोळणारा भाग म्हणजे घोळच. 'सोगा'ही म्हणता येईल, पण तो धोतराचा नाहीतर फेट्याचा वाटतो.

गाऊनबद्दल म्हणाल तर ते सगळं टेपचं काम असतं. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप मिळते, ती गळ्याच्या आतल्या कडेला लावून अंगाला चिकटवतात. सगळ्या नट्या लावतात. छातीवर आवळायची वगैरे गरजच नाही.

वसईकरीण

टाकेदोरे, गळ्याचं आणि घेराचं वर्णन झकास जमलंय. शेवटची तीन वाक्यं मात्र पुन्हा लिहा. माझी सासू वसईत लग्नाचे गाऊन शिवायची आणि गेली १७ वर्षं मी शिवतेय. आमच्याकडे चर्चच्या लग्नात नवऱ्या पांढरा गाऊन घालतात, त्यामुळे बिनपट्ट्यांचा गाऊन अंगावर कसा राहतो हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

बिनपट्ट्यांचा गाऊन छातीवर टांगलेला नसतो, तो कंबरेवर उभा असतो. ही एकच गोष्ट नीट लिहिलीत तरी तुमचं पान सार्थकी लागलं.

छाती हा टेकू नाहीच. वर निमुळतं, मध्ये मऊ आणि दर श्वासाला हलणारं. तिथं कितीही आवळा, कापड खाली सरकणार. कंबरेचं तसं नाही. कंबर बरगड्यांपेक्षा अरुंद आणि तिच्या खाली नितंब रुंद, म्हणजे देवानं दिलेली खाच. त्या खाचेत आपण आतून एक पट्टा बसवतो. आम्ही त्याला 'आतला पट्टा' एवढंच म्हणतो. बारीक रेघांची, न ताणणारी, जाड रिबन असते, इंच-दीड इंच रुंद. ती चोळीच्या कापडाला सबंध शिवायची नाही. चोळीला ताठ ठेवणाऱ्या बारीक, कडक पट्ट्या असतात, त्यांना बोन म्हणतात. हे बोन जिथं जिथं कंबरेवरून जातात, फक्त तिथं हातानं टाके घालून अडकवायची. मागे तिला तिचे स्वतःचे दोन हूक. गाऊन घालताना आधी हे हूक लावायचे आणि चेन मग ओढायची.

एवढं झालं की घेराचं सगळं वजन पट्ट्यावर येतं, पट्टा नितंबांवर टेकतो आणि वरची चोळी मोकळी राहते. तिनं फक्त उभं राहायचं. तेवढ्यासाठी तिला बोन लागतात.

पडताळा सोपा आहे. गाऊन घालून आतल्या पट्ट्याचे हूक लावायचे, चेन उघडीच ठेवायची आणि हात सोडून द्यायचे. गाऊन खाली आला नाही, म्हणजे शिवण बरोबर. चेन लावल्यावरच जो टिकतो, तो तासाभरात घसरणार.

मृणाल, टेप वापरतात हे खरं आहे. पण ती वजन धरायला नसते. वाकल्यावर गळ्याची कड अंगापासून सुटून फट दिसू नये, एवढंच तिचं काम. चार-पाच किलोचा घेर टेपवर टांगलात तर टेप सुटेल, नाहीतर कातडी सोलून निघेल. आणि घाम आला की तीही गेली.

मृणाल_प

ओके, म्हणजे मी अर्धी बरोबर. चालेल.

रेश्मा_कोथरूड

धाग्याचा विषय थोडा बाजूला नेतेय, सॉरी. पण वसईकरीण, तुम्ही लिहिलंत ते वाचून माझ्या डोळ्यांसमोर मागचा डिसेंबर आला. लेकीच्या रिसेप्शनला असाच वाइन रंगाचा गाऊन भाड्यानं आणला होता. दुकानाचं नाव घेत नाही. पोरगी रात्रभर दोन्ही हातांनी गाऊन वर ओढत होती. एकूण एक फोटोत कोपरं वर! दुकानवाला म्हणाला, 'मॅडम, मुलगी बारीक झालीय.' आणि त्यानं छातीत एक इंच आवळून दिलं. त्यानंतर तर आणखीच घसरायला लागला. असं का झालं असेल?

वसईकरीण

रेश्माताई, एक विचारते. रात्री गाऊन काढल्यावर तिच्या अंगावर वळ कुठे उठले होते? काखेखाली की कंबरेवर?

रेश्मा_कोथरूड

काखेखाली! लाल पट्टेच्या पट्टे. मी खोबरेल लावून दिलं. कंबरेवर काहीच नव्हतं.

वसईकरीण

मग त्याला आतला पट्टा नव्हता, किंवा होता पण सैल होता. वळ खोटं बोलत नाहीत. वजन जिथं टांगलं, तिथंच ते उठतात.

छातीत आवळल्यावर जास्त घसरला, त्याचंही कारण आहे. छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावर कापड घट्ट झालं की ते अरुंद जागा शोधतं. वर काखेकडे जाऊ शकत नाही कारण वजन खाली ओढतंय, मग ते बरगड्यांकडे उतरतं. मनगटातली बांगडी कोपराकडे ढकलली की सोडल्यावर परत खाली येते ना, तसंच.

माझ्याकडची एक केस सांगते, म्हणजे आकड्यात कळेल. मुलीची छाती ३४, कंबर २८. गाऊन दुसरीकडे शिवलेला, लग्नाला नऊ दिवस, आणि गळा खाली येतोय म्हणून रडत आली. मी आधी घेर काट्याला लटकवला. आतल्या ताठ जाळीचा कॅनकॅन धरून ४ किलो ३०० ग्रॅम भरला. चोळीच्या आत अस्तर, कप आणि सहा प्लास्टिकचे बोन. पट्टा नाही. पाठीच्या वरच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडत होत्या, म्हणजे कापड खाली ओढलं जाऊन तिथं अडकत होतं.

छातीत मी हातच लावला नाही. पट्टा कापला तो तयार २७ इंच, कंबरेपेक्षा एक इंच कमी, शिवाय दोन्ही टोकं दुमडायला इंच-इंच. तिला घालायला लावून, आरशात कंबरेची खरी खाच कुठं आहे ते बघून खडूनं खूण केली. कारण गाऊनची 'कंबर' आणि बाईची कंबर एकाच जागी असेलच असं नाही. तिच्या बाबतीत अर्ध्या इंचाचा फरक निघाला. मग बोनच्या जागी टाके घातले. बाजूचे दोन बोन बदलून स्टीलचे घातले, कारण प्लास्टिकचा बोन अंगाच्या उबेनं एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. बोनची टोकं गळ्याच्या कडेपासून पाव इंच खाली थांबवली, नाहीतर काखेत टोचतात. शेवटी गळ्याच्या कडेला आतून न ताणणारी फीत लावली, कडेपेक्षा अर्धा इंच आखूड, म्हणजे कड अंगाकडे वळून राहते.

अडीच दिवसांचं हातकाम. चर्चमध्ये तिनं एकदाही गाऊनला हात लावला नाही. तिच्या आईनं माझ्याऐवजी देवाचे आभार मानले, ते असो.

टाकेदोरे

हे वाचून माझं 'छातीवर घट्ट आवळून' हे वाक्य मीच खोडलं. पण एक शंका आहे. लॉरेन्सच्या गाऊनमध्ये चोळी नितंबांखाली उतरते आणि घेर तिथून सुरू होतो. मग वजन कंबरेच्या खालीच नाही का? तिथं पट्टा काय करणार?

वसईकरीण

बरोबर पकडलंत. घेर कंबरेला जोडलेला असला की वजन थेट पट्ट्यावर येतं. खाली जोडलेला असला की ते वजन चोळीच्या लांब नळीला खाली ओढतं. अशा वेळी आतला सांगाडा चोळीइतकाच खाली न्यावा लागतो. जाळीची एक वेगळी, घट्ट, बोन घातलेली आतली चोळी, कंबरेवर पट्ट्यानं पकडलेली आणि नितंबांवरून खाली गेलेली. बाहेरचं सुंदर कापड तिच्यावर नुसतं पांघरलेलं. नितंबांवरचं घर्षणही थोडं मदतीला येतं.

डिऑरच्या घराण्याची ही जुनी रीत. १९४७ साली ख्रिस्तियाँ डिऑरनं बारीक कंबर आणि भरगच्च घेर आणला तेव्हापासून त्यांच्या पोशाखांची खरी करामत आत असते. १९५०च्या दशकातल्या त्यांच्या बिनपट्ट्यांच्या गाऊनच्या आतली बाजू संग्रहालयांच्या फोटोंत बघायला मिळते. जाळी, बोन, पट्टा, सगळं हातानं.

पण २०१३च्या या गाऊनच्या आत नेमकं काय होतं, ते फोटोवरून सांगता येणार नाही. म्हणून तुम्ही 'आत असा पट्टा आहे' असं ठाम लिहू नका. 'असा गाऊन उभा राहायचा तर आत असं काही असावं लागतं' एवढंच लिहा.

पिट्सबर्गकर

इथं थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे, सबब लांब प्रतिसाद.

कापडाबद्दल. मी कापडातला माणूस नाही, बायको आहे. ती खांद्यावरून बघून सांगतेय ते टाइप करतो. तिच्या मते फोटो मोठा केला की घेराच्या कापडावर उठाव दिसतो, विणीतच असल्यासारखा. म्हणजे साधं साटिन नाही. चोळी मात्र जास्त सपाट वाटते. ती म्हणते, जॅकार्ड.

आता माझा मुद्दा. पडली ते चोळी घट्ट होती म्हणून नाही आणि घोळामुळेही नाही, उंच टाचांमुळे पडली. पुढच्या वर्षी, २०१४च्या ऑस्करलाही ती रेड कार्पेटवर अडखळलीच होती. तेव्हाचा लाल गाऊन वेगळा, पाय तेच. सवय नसेल तर गाऊनला दोष कशाला?

खडूस_काका

पाय तेच, हे संशोधन थोर आहे.

कळीदार

कापडावर माझं मत वेगळं. मी दादरला कापडाच्या दुकानात बसतो. फोटोत घेराला ज्या घड्या पडल्यात त्या बघा. मोठ्या, गोलसर, पोकळ, आणि कडा कुठेच कोसळलेल्या नाहीत. मऊ साटिन असतं तर घडी खाली लोंबली असती, पाण्यासारखी. टॅफेटा असता तर घडीची धार टोकदार दिसली असती आणि चुरगळल्याच्या बारीक रेघा पडल्या असत्या. हे त्या दोन्हींच्या मधलं, अंगानं जाड आणि ताठ रेशीम आहे. गिऱ्हाइकाला आम्ही कापड मुठीत धरून दाखवतो. मूठ उघडल्यावर ते आपणहून उठलं तर गाऊनच्या घेराला चालतं, तसंच पडून राहिलं तर नाही.

जॅकार्ड असेलही. पण उठाव विणीतला आहे की नुसता प्रकाशाचा खेळ, हे फ्लॅशच्या फोटोवर मी पैज लावून सांगणार नाही. फ्लॅशनं फिका गुलाबीसुद्धा पांढरा दिसतो. बऱ्याच ठिकाणी त्या गाऊनला पांढराच म्हटलं होतं.

पिट्सबर्गकर

बायको म्हणते जॅकार्डच. मी मधे पडत नाही.

वसईकरीण

टाकेदोरे, 'अंगानं जाड, ताठ रेशमी कापड' लिहा आणि मोकळ्या व्हा. कळीदारांनी घड्यांवरून सांगितलं तेच वर्णन जास्त कामाचं आहे. कापडाचं नाव चुकलं तर पत्रं येतील, घडी कशी पडते ते लिहिलंत तर डोळ्यांसमोर चित्र येईल.

आता पडण्याकडे. मसुद्यातली खरी चूक हीच आहे आणि ती सगळेच करतात. घोळ मागे असतो. पायऱ्या चढणाऱ्या बाईचा पाय मागच्या घोळात अडकत नाही. मागच्या घोळावर दुसऱ्या कुणाचा पाय पडतो. किंवा आपण मागे सरकलो, उलटं वळलो, तर आपला पडतो. चढताना अडकतो तो पुढचा काठ.

घरातल्या जिन्यावर करून बघा. सपाट जमिनीवर गाऊनचा पुढचा काठ पायाच्या बोटांच्या जरा वर असतो. आम्ही टाचांचे बूट घालूनच माप घेतो आणि पुढे जमिनीपासून इंचभर वर काठ ठेवतो. पण पायरीची उंची सहा-सात इंच. पाय वरच्या पायरीवर ठेवलात की ती पायरी तुमच्यासाठी नवी जमीन झाली आणि पुढचा काठ अजून जुन्या जमिनीच्या मापानं लोंबतोय. म्हणजे पाच-सहा इंच कापड पायरीवर जास्तीचं. त्यात चढताना अंग पुढे झुकतं, म्हणून काठ आणखी खाली येतो. चवडा त्या कापडावर पडतो, मग दुसरा पाय उचलायला जाता तर तुमच्याच वजनानं गाऊन खाली खिळलेला असतो. पुढच्या क्षणी हात जमिनीवर.

साडीतही हेच होतं. एसटीत चढताना निऱ्या डाव्या हातानं उचलायला आपल्याला कुणी शिकवलं नाही, पण उचलतोच ना?

मृणाल_प

हो!! कॉलेजच्या पहिल्या साडी-डेला मी स्वारगेटला निऱ्यांवर पाय देऊन कंडक्टरच्या अंगावर पडले होते. मागचा पदर बिचारा खांद्यावर शांत होता.

टाकेदोरे

मग तिनं गाऊन उचलला का नाही? का उचलला होता?

वसईकरीण

उचलायचा प्रयत्न कुणीही करेल, पण या कापणीत उचलणार काय? घेर कंबरेपासून असला तर मांडीच्या पुढे भरपूर कापड असतं. दोन्ही हातांत धरून सहज वीतभर वर घेता येतं. इथं मांडीपर्यंत सगळं अंगाला चिकटलेलं आहे. पकडायचं कापड सुरू होतं तेच हात खाली सोडल्यावर जिथं पोचतात तिथं, किंवा त्याच्याही खाली. म्हणजे वाकून धरावं लागणार, आणि वाकलं की पुढचा काठ खाली येणार. शिवाय घट्ट नळीमुळे मांडी पुरती उचलता येत नाही, गुडघा वर जायला जागा मिळत नाही. म्हणून पाऊल पायरीच्या कडेवरून घासत जातं.

म्हणजे कापणीतच अडचण आहे. पिट्सबर्गकर, टाचांनी भर घातली असेल, नाही म्हणत नाही. पण तिनं स्वतः त्या रात्री पत्रकारांना सांगितलं त्याचा मतलब एवढाच होता की माझा ड्रेस बघा आणि या ड्रेसमध्ये पायऱ्या चढून बघा.

पिट्सबर्गकर

मान्य, पण मग घोळाला पूर्ण निर्दोष का सोडता? मागे दोन-चार फूट जाड कापड खालच्या पायऱ्यांवर लोळतंय. प्रत्येक पायरीच्या धारेवर ते अडतं. ते अडलं की घेर मागे ताणला जातो आणि पुढचं कापड नडगीला चिकटतं. म्हणजे पाय अडकला पुढे, पण ओढ मागून आली. हे शक्य नाही का?

वसईकरीण

शक्य आहे. मी हा विचार केला नव्हता. चर्चच्या पायऱ्या चढताना करवली मागून घोळ उचलून धरते, तेव्हा नवरीला चढणं खरंच हलकं जातं. मला वाटायचं ते फक्त कापड मळू नये म्हणून. तरी सुरुवात पुढच्या काठानंच होते, यावर मी ठाम आहे.

कळीदार

एक विचारतो. काठात हॉर्सहेअरची, म्हणजे ताठ जाळीची पट्टी घातली तर काठ बाहेर फेकलेला राहतो आणि पायाखाली येत नाही, असं आमची गिऱ्हाइकं सांगतात. खरं का?

वसईकरीण

सपाटीवर खरं. तीन-चार इंच रुंद पट्टी काठाच्या आतून लावली की घेर पायापासून लांब राहतो, आणि आत कॅनकॅनचे थर असले की चालताना पाय जाळीला लागतो, बाहेरच्या कापडाला नाही. म्हणून अशा गाऊनमध्ये पाऊल उचलून ठेवायचं नसतं, चवड्यानं घेराला पुढे हलका धक्का देत चालायचं असतं. माझ्याकडे येणाऱ्या नवरीमुलींना मी ट्रायलला हे दोन फेऱ्या मारून शिकवते. पण पायरीवर ही युक्ती उलटते. ताठ काठ वरच्या पायरीच्या धारेवर आपटून आत वळतो आणि थेट चवड्याखाली येतो.

आणि आमच्याकडे पायऱ्यांपेक्षा गुडघे जास्त घात करतात. मिस्साच्या वेळी नवरी गुडघे टेकते, ते नेमके गाऊनच्या पुढच्या कापडावर. उठायला जाते तेव्हा पुढचं कापड गुडघ्याखाली दाबलेलं, अंग वर आणि गळा खाली! सगळ्यांसमोर. म्हणून ट्रायलला मी प्रत्येकीला पाटावर चढायला, उतरायला आणि गुडघे टेकून उठायला लावते. गुडघे टेकण्याआधी पुढचं कापड दोन बोटांनी वीतभर ओढून पुढे सोडायचं, मग टेकायचं. आतला पट्टा असेल तर तरीही गळा हलत नाही, तो झटका कंबर खाते.

खडूस_काका

प्रश्न गंभीर आहे म्हणून गंभीरपणे विचारतो. पडल्यावर ती उठली, तेव्हा गळा खाली का आला नाही? मी तो व्हिडिओ पाहिलाय. ह्यू जॅकमन मदतीला धावला, ती आपली आपण उठली, स्टेजवर जाऊन भाषण केलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तर म्हणाली की मी पडले म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. त्या सगळ्यात तिनं गाऊन एकदाही वर ओढला नाही. रेश्माताईंच्या लेकीनं रात्रभर ओढला.

वसईकरीण

काका, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. विरार फास्टमध्ये बसायला जागा मिळालेली दिसते.

बाईनं पायऱ्यांवर तोंडघशी पडावं, अंगाखाली घेर दबलेला असताना उठावं आणि बिनपट्ट्यांचा गळा बोटभरही हलू नये, याचा अर्थ आतलं काम पक्कं होतं. बाहेरच्या कापणीनं तिला पाडलं आणि आतल्या शिवणीनं तिची अब्रू राखली. दोन्ही एकाच कार्यशाळेतून आलेलं. टाकेदोरे, आत काय होतं ते फोटोत दिसत नाही असं मी मघाशी म्हटलं, पण हा व्हिडिओ म्हणजे माझ्या 'चेन उघडी ठेवून हात सोडा' परीक्षेपेक्षा कडक परीक्षा आहे.

रेश्मा_कोथरूड

पुतणीचं लग्न फेब्रुवारीत आहे, तिचाही गाऊनच. काल तिला घेऊन दुसऱ्या एका दुकानात गेले होते. चेन उघडी ठेवून हात सोडायला सांगितले. पहिला गाऊन सरळ घोट्यापाशी गेला! दुकानातली मुलगी म्हणाली, 'मॅडम, असं कोणी चेक करत नाही.' तिसऱ्याला आत पट्टा होता, पण हूक तुटलेला. तो शिवून देतो म्हणालेत. पट्टा कंबरेपेक्षा किती आखूड म्हणालात, एक इंच? पुतणी २ महिन्यांत बारीक होणार म्हणते.

वसईकरीण

एकच इंच. बारीक व्हायचं असेल तर हुकांची जागा लग्नाच्या आदल्या आठवड्यात ठरवा, आधी नको. आणि जेवण झाल्यावर माप घ्या, उपाशी नको.

टाकेदोरे

सुधारलेला शेवट टाकतेय, बघा बरं:

"घेर कंबरेऐवजी मांडीपाशी सुटतो, त्यामुळे हातात धरायला वर कापडच उरत नाही. ताठ, जाड रेशमी कापडाच्या मोठ्या पोकळ घड्या पुढे पावलांपर्यंत येतात, मागे छोटा घोळ होऊन पसरतात. पायऱ्या चढताना चवडा पुढच्या काठावर पडला आणि ती कोसळली. उठली तेव्हा बिनपट्ट्यांचा गळा होता तिथंच होता. असा गाऊन छातीवर टांगलेला नसतो, आत कुठंतरी कंबरेवर उभा असतो."

मागून ओढ आली का, ते गाळलंय. जागा नाही, आणि तुमच्या दोघांचं अजून ठरायचंय.

पिट्सबर्गकर

बायको विचारतेय, 'जॅकार्ड' का गाळलं?

खडूस_काका

नालासोपारा आलं. पु.ले.शु.

वसईकरीण

'छोटा घोळ' बरोबर आहे, पहिल्या मसुद्यात तुम्ही लांब लिहिला होता. 'चवडा पुढच्या काठावर पडला' याच्या आधी 'बहुधा' घाला. पिट्सबर्गकर, मी उद्या एका नवरीच्या ट्रायलला घोळ सोडून आणि घोळ उचलून, दोन्ही प्रकारे जिना चढायला लावते. आमच्या जिन्याला १४ पायऱ्या आहेत आणि मी खाली उभी राहीन.